निघाल्याच्या आदल्या दिवशी पोहोचणारं विमान: तारखेचा हिशेब कसा करावा

मुंबईहून टोकियोमार्गे लॉस एंजेलिसला जाणाऱ्यांच्या तिकिटावर कधीकधी निघण्याची तारीख १२ नोव्हेंबर आणि पोहोचण्याची ११ नोव्हेंबर छापलेली असते. वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात «-1» असतं. घरातली मंडळी ते बघून लगेच एजंटला फोन लावतात, पण बहुतेक वेळा तिकीट बरोबरच असतं. ते बरोबर आहे की नाही, हे कागद-पेन घेऊन पाच मिनिटांत पडताळता येतं. ते पडताळावंच, कारण हॉटेल, पुढचं विमान आणि न्यायला येणारा माणूस हे सगळं त्याच तारखेवर ठरतं.

आधी कारण. प्रशांत महासागरातून, साधारण १८० अंश रेखावृत्ताला धरून, पण बेटांना वळसे घालत आंतरराष्ट्रीय वाररेषा जाते. ती पूर्वेकडे जाताना ओलांडली की कॅलेंडर एक दिवस मागे जातं. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण सामोआत दिसतं. सामोआ देशाची वेळ ग्रिनिचच्या, म्हणजे यूटीसीच्या, १३ तास पुढे आहे आणि शेजारच्या अमेरिकन सामोआची ११ तास मागे. फरक नेमका २४ तासांचा. मंगळवारी दुपारी १२ला सामोआतल्या आपियाहून निघालेलं छोटं विमान ३५ मिनिटांनी अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला उतरलं, तर तिथे सोमवारचे दुपारचे १२.३५ वाजलेले असतात. २०११ पूर्वी हे दोन्ही एकाच तारखेत होते. सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस कॅलेंडरमधून वगळला आणि रेषेच्या पलीकडे गेला.

हिशेबात मात्र रेषा नेमकी कुठे ओलांडली, हे शोधत बसू नका. यूटीसीमधून गेलात तर ती आपोआप मोजली जाते. पायऱ्या तीनच आहेत.

पहिली: निघण्याची स्थानिक वेळ यूटीसीत आणा. जे ठिकाण यूटीसीच्या पुढे आहे, तिथले तास वजा करायचे. दुसरी: त्यात प्रवासाचे तास मिळवा. तिसरी: आलेली वेळ उतरण्याच्या ठिकाणच्या घड्याळात बदला. ते ठिकाण मागे असेल तर तास वजा, पुढे असेल तर अधिक. प्रत्येक पायरीला तारीख वेळेसोबतच लिहा. फक्त तास लिहून तारीख शेवटी लावायला गेलं, की चूक हमखास होते.

आता उदाहरण करून बघू. वेळा हिशेबासाठी घेतल्या आहेत, पण अशा वेळांची विमानं खरोखर असतात. टोकियोच्या हानेडा विमानतळावरून गुरुवार, १२ नोव्हेंबर २०२६, रात्री ००.०५ला विमान निघतं आणि १० तास उडतं. जपान यूटीसीच्या ९ तास पुढे, म्हणून निघण्याची वेळ झाली ११ नोव्हेंबर, १५.०५ यूटीसी. त्यात १० तास मिळवले की १२ नोव्हेंबर, ०१.०५ यूटीसी. लॉस एंजेलिस नोव्हेंबरच्या मध्यावर ८ तास मागे असतं, म्हणजे उतरताना तिथे बुधवार, ११ नोव्हेंबर, संध्याकाळचे ५.०५. त्या क्षणी मुंबईत १२ तारखेची सकाळ झालेली असते आणि ६.३५ वाजलेले असतात. घरच्यांना फोन कधी येईल, हे सांगताना ही वेळ सांगा.

एक्सेलमध्ये करायचं असेल तर `A2` मध्ये निघण्याची तारीख-वेळ, `B2` मध्ये 9, `C2` मध्ये 10 आणि `D2` मध्ये -8 भरा:

```
=A2-B2/24+C2/24+D2/24
```

उत्तराच्या चौकटीला तारीख आणि वेळ दोन्ही दिसतील असं फॉरमॅट द्या, नाहीतर नुसता दशांशातला आकडा दिसेल.

यातून एक उपयोगी नियम निघतो. दोन ठिकाणांमधला फरक १७ तास, उड्डाण १० तास, उरले ७. टोकियोहून मध्यरात्र ते सकाळी ७ या वेळात निघालात, तरच तारीख मागे जाईल. संध्याकाळी ५ला निघालेलं विमान त्याच तारखेला सकाळी १०ला उतरेल. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत घड्याळ एक तास पुढे असतं. तेव्हा फरक १६ तासांचा आणि मर्यादा सकाळी ६ची. जपानमध्ये घड्याळ बदलत नाही, त्यामुळे लक्ष फक्त अमेरिकेच्या तारखेवर ठेवायचं.

मुंबईपासूनचा अख्खा प्रवास मात्र कधीच उलटा दिसत नाही. मुंबई आणि लॉस एंजेलिसमध्ये त्या काळात साडेतेरा तासांचाच फरक असतो आणि प्रवासाला त्याहून जास्त वेळ लागतो. १० तारखेला रात्री ८ला मुंबईहून निघालात, साडेसात तासांनी ११ तारखेला सकाळी ७ला जपानला पोहोचलात आणि वरचं विमान पकडलंत, तर एकूण ३४ तास ३५ मिनिटं होतात. उलटा दिसतो तो फक्त दुसरा टप्पा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो ००.०५ या वेळेने. १२ तारखेचं ००.०५ म्हणजे ११ तारखेची रात्र. तिकिटावर १२ आहे म्हणून १२ला संध्याकाळी विमानतळावर गेलात, तर विमान जवळपास एक दिवस आधीच गेलेलं असतं. विमानतळावर ११ला रात्री ९च्या सुमारास पोहोचायला हवं. मग इमिग्रेशनच्या नोंदींत चित्र असं दिसतं: जपान सोडल्याची तारीख ११ आणि अमेरिकेत आल्याची तारीखही ११. तेच बरोबर आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही फॉर्मवर तिथली तारीख, म्हणजे ११, लिहा.

हॉटेलचं बुकिंगही ११चंच करा. तिकिटातली १२ धरून १२चं किंवा «एक दिवस लागेल» म्हणून १३चं केलं, तर उतरल्यावर त्या रात्री खोली नसते. फोनमधल्या कॅलेंडरमध्ये विमान टाकताना सुरुवातीला टोकियोचा आणि शेवटाला लॉस एंजेलिसचा टाइम झोन वेगवेगळा निवडा. नाहीतर शेवट सुरुवातीच्या आधी येतो आणि ॲप नोंदच घेत नाही. ऑफिसच्या प्रवासखर्चाच्या फॉर्ममध्येही असंच होतं. तिथे शेऱ्यात दोन्ही वेळा यूटीसीत लिहून द्याव्यात. गोळ्या-औषधं तारखेवर न ठेवता किती तासांनी घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रवासात ११ तारखेची संध्याकाळ दोनदा येते.

मुंबईचं विमान नारिताला उतरणार असेल आणि पुढचं हानेडाहून असेल, तर आणखी एक गोष्ट तपासा. विमानतळ बदलायला जपानमध्ये प्रवेश करावा लागतो आणि भारतीय पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा हवा.

परतताना उलटं होतं, तारीख पुढे उडी मारते. २० नोव्हेंबरला रात्री ११.३०ला लॉस एंजेलिसहून निघून १२ तास उडालात, तर यूटीसीत २१ तारखेचे १९.३० होतात आणि टोकियोत २२ तारखेची पहाट, ४.३०. तिकिटावर «+2» दिसेल. २१ तारीख जवळजवळ सगळी हवेतच जाते, म्हणून त्या दिवशी टोकियोत हॉटेल घेऊ नका, आणि मुंबईचं पुढचं तिकीट २२चं किंवा त्यानंतरचंच आहे ना, हे पैसे भरण्याआधी बघा.