लहान-मोठ्या कंपन्यांची वाढ एकाच आलेखावर: प्रत्येक मालिका १०० पासून कशी सुरू करावी

एका कंपनीची विक्री ८,००० कोटी, दुसरीची ४०० आणि तिसरीची ५० कोटी असेल, तर तिन्ही एकाच आलेखावर काढून फारसे काही दिसत नाही. मोठीची रेघ वर चढते आणि बाकी दोघी तळाशी चिकटतात. लहान कंपनीची विक्री दुप्पट झाली तरी तिची रेघ जागची हललेली वाटत नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक मालिकेचा सुरुवातीचा आकडा १०० धरायचा आणि पुढचे सगळे आकडे त्याच्या प्रमाणात मांडायचे. गणित सोपे आहे. मात्र सुरुवात कोणत्या वर्षापासून धरायची, हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा लागतो, म्हणून लेखाचा मोठा भाग त्याच्यावरच आहे.

उदाहरणासाठी क, ख आणि ग या तीन काल्पनिक कंपन्या घेऊ. विक्रीचे आकडे कोटींत आहेत.

| वर्ष | क | ख | ग |
|---|---|---|---|
| १ | ८,००० | ४०० | ५० |
| २ | ८,४०० | ३०० | ५५ |
| ३ | ८,८०० | ४२० | ६५ |
| ४ | ९,२०० | ५२० | ७८ |
| ५ | १०,००० | ६०० | ९० |

पायरी १: सूत्र लिहा

स्प्रेडशीटमध्ये A स्तंभात वर्षे आणि B, C, D मध्ये तीन कंपन्या ठेवा. पहिल्या ओळीत नावे, दुसरीपासून आकडे. थोड्या अंतरावर, समजा F2 मध्ये, हे सूत्र लिहा आणि उजवीकडे व खाली ओढा:

```
=B2/B$2*100
```

डॉलरचे चिन्ह फक्त 2 च्या आधी आहे, आणि ते तिथेच हवे. त्यामुळे खाली ओढताना भाजक पहिल्या वर्षावर टिकून राहतो आणि उजवीकडे ओढताना पुढच्या कंपनीकडे सरकतो. चिन्ह विसरलात तर संपूर्ण तक्ता १००, १००, १०० असा भरेल. उलट `$B$2` लिहिलेत तर ख आणि ग यांनाही क च्या विक्रीने भागले जाईल, आणि ख ची सुरुवात १०० ऐवजी ५ वर दिसेल. म्हणून सूत्र ओढून झाल्यावर पहिली ओळ पाहा. तिथे सगळीकडे १०० असले पाहिजेत, आणि खाली मात्र नसावेत.

पाचव्या वर्षी निर्देशांक असे येतात: क १२५, ख १५०, ग १८०. म्हणजे पाच वर्षांत ग सर्वांत वेगाने वाढली.

पायरी २: पायाभूत वर्ष बदलून पाहा

आता पहिल्याऐवजी दुसरे वर्ष १०० धरा. सूत्रात `B$2` च्या जागी `B$3` एवढाच बदल करायचा. पाचव्या वर्षाचे निर्देशांक आता क ११९, ख २०० आणि ग १६४. मघाशी ग पुढे होती, आता ख पुढे आहे. मूळ आकडा एकही बदललेला नाही.

कारण तक्त्यातच आहे. दुसऱ्या वर्षी ख ची विक्री ४०० वरून ३०० वर घसरली होती. त्या खड्ड्यापासून मोजले की पडझड भरून काढणेही वाढ म्हणून मोजले जाते. एखाद्या कंपनीच्या सादरीकरणात आलेख नेमका तिच्या सर्वांत वाईट वर्षापासून सुरू होत असेल, तर त्याआधीची दोन-तीन वर्षे मागून घ्यावीत. तुलना करताना हाच प्रश्न मी सर्वांत आधी विचारतो.

स्वतः आलेख काढताना असे वर्ष निवडा की ज्यात एकाही कंपनीला मोठा धक्का किंवा एकदाच येणारा मोठा फायदा झालेला नाही. असे वर्ष सापडत नसेल तर काही वर्षांची सरासरी १०० धरता येते:

```
=B2/AVERAGE(B$2:B$4)*100
```

पहिल्या तीन वर्षांच्या सरासरीवर ख १६१ वर येते आणि ग १५९ वर, म्हणजे जवळजवळ बरोबरी. या दोघींत ‘पुढे कोण’ याचे उत्तर पायाभूत वर्षावर ठरते, असे स्पष्ट सांगणे हाच इथला प्रामाणिक निष्कर्ष. क मात्र तिन्ही पद्धतींत मागे राहते, त्यामुळे तिच्याबद्दल ठामपणे बोलता येते.

पायरी ३: अंक आणि टक्के यांची गल्लत टाळा

पहिल्या वर्षाच्या पायावर चौथ्या ते पाचव्या वर्षात ग १५६ वरून १८० वर गेली, म्हणजे २४ अंक. ख १३० वरून १५० वर गेली, म्हणजे २० अंक. त्या वर्षी ग जास्त वाढली असे वाटते. पण २४ ला १५६ ने आणि २० ला १३० ने भागून पाहा. दोन्हीकडे १५.४ टक्केच येतात. मूळ विक्रीवरूनही तेच येते, ७८ ते ९० आणि ५२० ते ६००. निर्देशांकातला फरक थेट टक्के म्हणून वाचता येतो तो फक्त १०० पासून मोजताना. मधल्या कोणत्याही दोन वर्षांसाठी भागाकार करावाच लागतो.

डोळ्यांची हीच फसगत आलेखातही होते, कारण जी रेघ आधीच उंचावर आहे तिची तेवढ्याच टक्क्यांची वाढ अधिक उभी दिसते. काळ मोठा असेल किंवा एखादी मालिका कित्येक पटींनी वाढली असेल, तर उभ्या अक्षाच्या सेटिंगमध्ये लॉगरिदमिक प्रमाण निवडा. त्यावर सारख्या टक्क्यांची वाढ सारख्याच चढाची दिसते, आणि पायाभूत वर्ष बदलले तरी रेघांचा आकार तोच राहतो. त्या फक्त वर-खाली सरकतात.

ही पद्धत कुठे चालत नाही

नफ्याच्या मालिकेला ती बहुतेक वेळा लावू नये. पायाभूत वर्षी २० कोटी तोटा आणि नंतर ४० कोटी नफा असेल तर निर्देशांक उणे २०० येतो, आणि नफा जितका वाढेल तितकी रेघ खाली जाते. पहिला नफा १ कोटी आणि पुढचा ९ कोटी असेल तर ९०० येतो. सूत्र चुकलेले नसते, पण त्यातून काही कळतही नाही. अशा वेळी विक्री घ्या किंवा नफा मूळ आकड्यांतच दाखवा.

शेअरच्या किमतींसाठी विभाजन आणि बोनस यांचा हिशेब करून सुधारलेल्या किमतीच वापरा. एका शेअरचे पाच झाले की किंमत साधारण पाचव्या हिश्शावर येते आणि निर्देशांक एका दिवसात १०० वरून २० वर पडलेला दिसतो, गुंतवणूकदाराचे काहीही गेलेले नसताना. तिमाही विक्री असेल तर हंगामाचा परिणाम पायात शिरतो, म्हणून एका तिमाहीऐवजी पूर्ण वर्षाची सरासरी १०० धरा.

आलेखावर काय लिहायचे

शीर्षकाखाली ‘वर्ष १ = १००’ असे लिहा. प्रत्येक रेघेच्या टोकाला नावासोबत मूळ आकडाही द्या: ‘क, ८,००० कोटींपासून’, ‘ग, ५० कोटींपासून’. १०० धरताना आकाराची माहिती पुसली जाते. क ची रेघ तिघींत सर्वांत सपाट असली, तरी तिच्या विक्रीत २,००० कोटींची भर पडली आहे आणि ग च्या विक्रीत ४० कोटींची.