इटालियन मथळा मराठीत आणताना आधी क्रियापद शोधा

इटालियन वर्तमानपत्राचा मथळा पहिल्यांदा वाचणारा माणूस शब्दकोश उघडतो, पाचही शब्द सापडतात आणि तरी बातमी काय आहे ते कळत नाही. बोलण्यात जागोजागी येणारी 'इल', 'ला', 'उन' ही उपपदं मथळ्यात बहुतेक गळालेली असतात, क्रियापद गायब असतं आणि नामं एकामागून एक रांगेत उभी असतात. मराठी माणसाला ही घडण खरं तर परकी वाटू नये. 'पाण्यासाठी महिलांचा मोर्चा', 'दोघांना अटक', 'अपघातात तीन ठार' असे क्रियापद नसलेले मथळे आपण रोज वाचतो. उपपदं तर मराठीत नाहीतच. त्यामुळे इटालियन मथळा मराठीत जितका सहज बसतो तितका इंग्रजीत बसत नाही. इंग्रजी मथळ्याला बहुधा क्रियापद हवं असतं.

एक मथळा घेऊ. तो नमुन्यासाठी मीच रचला आहे, पण असे मथळे तिथे नेहमी दिसतात:

'आप्पाल्ती, बुफेरा इन कोमूने: इंदागातो लास्सेस्सोरे, पेर्क्विझित्सिओनी आल्लाल्बा'

शब्दाला शब्द ठेवला तर 'कंत्राटं, वादळ पालिकेत: चौकशीखाली तो कार्यकारिणी सदस्य, झडत्या पहाटे'.

पायरी पहिली: मथळा एकटा वाचू नका. इटालियन मथळ्याच्या वर बारीक अक्षरात एक ओळ असते, तिला ऑक्येल्लो म्हणतात. खालच्या दोन-तीन ओळींना सोम्मारिओ. गाव कुठलं, माणूस कोण, कधी घडलं हे बहुधा या दोन ठिकाणी सांगितलेलं असतं, म्हणूनच मधल्या मोठ्या अक्षरांना इतकं त्रोटक राहता येतं. आपल्या मथळ्यात शहराचं नाव नाही, ते वरच्या ओळीत असणार. भाषांतरात वरची ओळ जाणार नसेल तर शहराचं नाव मथळ्यात घ्यावं लागेल.

पायरी दुसरी: विषयाची चिठ्ठी वेगळी काढा. 'आप्पाल्ती' नंतरचा स्वल्पविराम यादीतला नाही. तो सांगतो की पुढचं सगळं कंत्राटांबद्दल आहे. मराठीत याला 'कंत्राट प्रकरणी' हे तयार रूप आहे. 'कंत्राटं, वादळ' असं लिहिलं तर वाचक दोन वेगळ्या गोष्टी समजेल.

पायरी तिसरी: लपलेलं क्रियापद पकडा. ते बहुतेक वेळा '-तो, -ता, -ती, -ते' अशा शेवटाच्या कृदंतात असतं आणि सहायक क्रियापद गाळलेलं असतं. इथे ते 'इंदागातो'. त्याचा शेवट लिंग आणि वचन सांगतो, म्हणून तो काळजीपूर्वक वाचावा. 'त्रोवाता मोर्ता इन कासा' या मथळ्यात एकही कर्ता नाही, पण दोन्ही 'ता' सांगतात की घरात मृतावस्थेत सापडलेली व्यक्ती स्त्री आहे. मराठीत 'घरात मृतावस्थेत आढळली' म्हटलं की काम होतं, 'ली' तेच सांगते. इंग्रजीत मात्र 'वुमन' हा शब्द आणावाच लागतो, नाहीतर बाई की पुरुष हेच हरवतं.

आता 'इंदागातो'चा अर्थ. इथे घाई केली तर नुकसान होतं. याचा अर्थ त्या माणसाविरुद्ध तपास सुरू आहे, इतकाच. अटक नाही, आरोप निश्चित झालेला नाही. खटल्यातल्या आरोपीसाठी 'इंपुतातो' हा वेगळा शब्द आहे. मराठीत सवयीने 'आरोपी' लिहिलं तर इटालियन पत्रकाराने जे म्हटलेलं नाही ते तुम्ही म्हणालात. इंग्रजीतही 'चार्ज्ड' नको, 'अंडर इन्व्हेस्टिगेशन' हवं. आणि 'आस्सेस्सोरे' म्हणजे कर लावणारा अधिकारी नव्हे. तो महापौरांच्या कार्यकारिणीतला, एखादं खातं सांभाळणारा राजकीय सदस्य.

सगळी उपपदं गळतात असंही नाही. 'लास्सेस्सोरे' मधला सुरुवातीचा 'ल' हे उपपदच आहे. संपादकाने ते ठेवलं म्हणजे वाचकाला ठाऊक असलेला किंवा त्या खात्याचा एकच सदस्य अभिप्रेत आहे. मराठीत 'तो' घालायची गरज नाही, पण 'एका सदस्याची' असं मात्र लिहू नये.

पायरी चौथी: छोट्या शब्दांना विभक्ती द्या. नामं जोडायचं काम 'दी', 'आ', 'सू', 'पेर' करतात. पुढे 'इल' हे उपपद आलं की 'दी'चं 'देल' आणि 'आ'चं 'आल' होतं. 'आक्कूझे देल सिंदाको' म्हणजे महापौरांचे आरोप, 'आक्कूझे आल सिंदाको' म्हणजे महापौरांवर आरोप. फरक एका अक्षराचा, पण कोण कोणावर हे उलटं होतं. 'दी' नेहमी इतका सरळ नसतो. 'चा-ची-चे' लावण्याआधी सोम्मारिओ पाहून कर्ता कोण ते ठरवा.

पायरी पाचवी: जे शब्द वेष बदलून येतात ते ओळखा. 'कारो बोल्लेत्ते' पाहून 'प्रिय बिलं' लिहिणारे भेटतात. 'कारो' इथे नाम आहे, अर्थ महागाई. खूण अशी की 'बोल्लेत्ते' स्त्रीलिंगी अनेकवचन असून 'कारो' बदललेला नाही. विशेषण असतं तर 'कारे' झालं असतं. सोबत बहुधा 'स्तांगाता' असतो, म्हणजे दांडक्याचा फटका. मराठीत 'वीजबिलं भडकली, खिशाला कात्री' असं काही आलं की वाचकाला फटका बसतो. 'जाल्लो' म्हणजे पिवळा, पण मथळ्यात तो रहस्य असतो. 1929 साली मोन्दादोरी प्रकाशनाने रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठांत काढायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा हा अर्थ. 'कोल्ले', टेकडी, म्हणजे क्विरिनाले टेकडीवरचे राष्ट्राध्यक्ष, आणि पालात्सो कीजी म्हणजे पंतप्रधान कार्यालय. आपण 'वर्षावर खलबतं' म्हणतो तशीच ही रीत, पण मराठी वाचकाला 'टेकडीचा नकार' कळणार नाही, 'राष्ट्राध्यक्षांचा नकार' लिहा. सगळ्यात मोठा खड्डा 'पीएम'चा: इटालियन मथळ्यात तो 'पुब्ब्लिको मिनिस्तेरो', म्हणजे सरकारी वकील. एकदा घाईत मी पंतप्रधानांना एका खुनाच्या तपासाला लावलं होतं, ते अजून आठवतं.

पायरी सहावी: आता पुन्हा रचा. आपल्या मथळ्याचं मराठी रूप:

'कंत्राट प्रकरणी पालिकेत खळबळ; कार्यकारिणी सदस्याविरुद्ध तपास, पहाटे झडत्या'

वादळाची खळबळ झाली, मूळच्या अपूर्णविरामाच्या जागी आपल्या सवयीचा अर्धविराम आला, नामं तशीच राहिली. इंग्रजीत मात्र क्रियापदाचा जोर हवा: 'सिटी कॅबिनेट मेंबर प्रोब्ड ओव्हर कॉन्ट्रॅक्ट्स आफ्टर डॉन सर्चेस'. मी आधी 'होम्स सर्च्ड' लिहिलं होतं, मग खोडलं. घरांची झडती झाली की कार्यालयांची, हे मूळात नाही. या 'आफ्टर'वरही माझी शंका आहे. इटालियनमध्ये दोन नामं शेजारी ठेवली आहेत, आधी-नंतर सांगितलेलं नाही. सोम्मारिओत क्रम सापडला तर 'आफ्टर' राहू दे, नाहीतर तिथे स्वल्पविराम टाकून 'डॉन सर्चेस' एवढंच ठेवा.

मूळ मथळ्यानंतर कधी कोनी अवतरणात 'गारे पिलोताते' असं जोडलेलं असतं. 'गारे' म्हणजे शर्यती असा शब्दकोशाचा पहिला अर्थ, पण इथे निविदा. 'पिलोताते' म्हणजे आधीच दिशा ठरवलेल्या. मराठी पत्रकार याला 'निविदा मॅनेज केल्या' म्हणतात. अवतरणचिन्हं मात्र काढू नका. ती आहेत तोवर वाक्य सरकारी वकिलाचं आहे. काढलीत की ते वर्तमानपत्राचं होतं.