दहावीचं वेळापत्रक ॲपमध्ये बसवताय? या चुका टाळा

पूर्वपरीक्षेचे पेपर हातात आले की दहावीच्या घरोघरी नवं वेळापत्रक तयार होतं. हल्ली ते भिंतीवर न लागता गूगल कॅलेंडर, माय स्टडी लाइफ अशा ॲपमध्ये जातं. रंगीत चौकटी छान दिसतात, पण बरीच वेळापत्रकं दोन आठवड्यांत बंद पडतात. कारण बहुतेक वेळा ॲपमध्ये नसतं, त्यात भरलेल्या माहितीत असतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सहा विषय लिहून सगळ्यांना सारखा वेळ देणं. गुणपत्रिकेवर विषय सहा असले, तरी राज्य मंडळाच्या मराठी माध्यमाच्या मुलांना लेखी पेपर साधारण नऊ असतात. तीन भाषांचे प्रत्येकी ८० गुणांचे, आणि बीजगणित, भूमिती, विज्ञान भाग १, विज्ञान भाग २, इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल हे प्रत्येकी ४० गुणांचे. ॲपमध्ये नुसतं ‘गणित’ लिहिलं की मूल त्यातला आवडता भागच सोडवत बसतं. बीजगणित जमत असेल तर भूमिती आठवडाभर उघडलीच जात नाही, आणि ॲपवर मात्र हिरवी खूण दिसते. म्हणून नऊ पेपर नऊ रंगांत स्वतंत्र टाका.

आता वाटणी कशी करायची ते एका उदाहरणावर पाहू. समजा, शाळा-क्लास वगळून एका मुलीला आठवड्याला २० तास मिळतात. पूर्वपरीक्षेत तिचे गेलेले गुण असे: इंग्रजी २२, भूमिती २१, बीजगणित १८, विज्ञान भाग १ मध्ये १५, मराठी १४, हिंदी १२, इतिहास १२, विज्ञान भाग २ मध्ये ९, भूगोल ७. सहा विषयांत सारखी वाटणी केली, तर हिंदीला तीन तास वीस मिनिटं जातात आणि भूमितीच्या वाट्याला त्याच्या निम्मी. वास्तविक भूमिती ४० गुणांचीच असूनही तिथे हिंदीपेक्षा जास्त गुण गेलेत.

त्याऐवजी आधी ३ तास मोकळे ठेवा. उरलेल्या १७ पैकी प्रत्येक पेपरला एक तास द्या, म्हणजे कुठलाच पेपर विसरायला होणार नाही. राहिलेले ८ तास सर्वाधिक गुण गेलेल्या चार पेपरांना दोन-दोन द्या. इंग्रजी, भूमिती, बीजगणित आणि विज्ञान भाग १ यांना तीन-तीन तास झाले, बाकी पाचांना एक-एक. सराव प्रश्नपत्रिका तपासून झाली की हे आकडे बदलायचे. बीजगणितात आता १० च गुण गेले असतील, तर तिथला एक तास मराठीकडे वळवा.

ते ३ मोकळे तास कुठल्याही विषयाला देऊन टाकू नका, हे मी आग्रहाने सांगेन. पाहुणे येतात, वीज जाते, अंगात कणकण असते. जागा नसलेल्या वेळापत्रकात एक दिवस बुडाला की राहिलेली कामं पुढच्या दिवसावर चढत जातात आणि चौथ्या दिवशी मूल ॲप उघडायचंच टाळतं. तासभर बुधवारी आणि दोन तास रविवारी रिकामे ठेवले, तर बुडालेला अभ्यास तिथे सरकवता येतो.

चौकटीचं नावही तपासा. ‘भूमिती, ७ ते ८’ एवढ्यावर मूल पहिली दहा-पंधरा मिनिटं काय करायचं हे ठरवण्यात घालवतं. ‘वर्तुळ, सरावसंच ३.४, पुस्तक न बघता’ असं लिहिलं की बसल्या बसल्या सुरुवात होते, आणि काम झालं की नाही हेही कळतं. ‘प्रकाशाचे अपवर्तन वाचणे’ यापेक्षा ‘अपवर्तनाच्या आकृत्या काढणे, स्वाध्यायातली उदाहरणं सोडवणे’ हे बरं.

गूगल कॅलेंडरमध्ये एक गोंधळ हमखास होतो. दर मंगळवारची चौकट एकदाच दुसऱ्या दिवशी हलवायची असते, पण बदल जतन करताना ‘All events’ निवडलं जातं आणि सगळे मंगळवार हलतात. एका दिवसापुरता बदल असेल तर ‘This event’ निवडा. नव्या वाटणीप्रमाणे इथून पुढचं सगळं बदलायचं असेल तर ‘This and following events’.

आठवणीची सूचना येत नसेल, तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपच्या सूचना सुरू आहेत का बघा, मग बॅटरी बचतीने ॲपला रोखलंय का ते. काही अँड्रॉइड फोन पार्श्वभूमीतली ॲप बंद करतात आणि सूचना उशिरा येते.

आणि या साप्ताहिक चौकटींना शेवटची तारीख घाला, पहिल्या पेपरच्या आदल्या दिवसाची. त्यानंतर कुठल्या दिवशी काय वाचायचं हे मंडळाच्या वेळापत्रकातल्या सुट्ट्यांवर ठरतं, आणि भूमितीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी फोनने भूगोलाची आठवण करून देण्यात काही अर्थ नाही.