नवी भाषा फोनवर कळत नाही, तेव्हा

समोरासमोर कळणारी भाषा फोनवर निसटते, याला दोन कारणं आहेत. ‘म’ म्हणताना ओठ मिटतात, ‘न’ म्हणताना मिटत नाहीत. ही खूण दिसेनाशी होते. शिवाय साध्या फोनलाइनवरून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच आवाज येतो, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ यांमधला बारीक फरक पुसट होतो.

सरावासाठी ती भाषा बोलणारी एकच व्यक्ती धरा. तिने रोज नवे 10 आकडे आणि नावं वाचावीत, तुम्ही लिहायची. आधी तिच्याकडे बघत, मग त्याच खोलीत तिच्याकडे पाठ फिरवून, शेवटी दुसऱ्या खोलीतून फोनवर. दहांपैकी आठ बरोबर आले की पुढची पायरी. पाठ फिरवण्याची पायरी गाळू नका. तिथे फक्त ओठ जातात, आवाज शाबूत राहतो, म्हणून चूक कशामुळे झाली ते कळतं.

समजा, पाठ फिरवून ‘मीना’ बरोबर लिहिलंत, पण ‘नीमा’चं ‘मीना’ झालं. म्हणजे कान अजून ओठांवर विसंबून आहे. तिथेच म-न च्या जोड्या घ्या. ‘स-फ’ मात्र फक्त फोनवरच चुकत असेल, तर दोष बहुधा लाइनचा. तिथे “सूर्यातला स का?” असं सरळ विचारावं.