पांढऱ्या कव्हरवरचा जीन्सचा निळा रंग कसा काढावा

नव्या जीन्सने सोफ्याच्या पांढऱ्या कव्हरवर निळी झाक उमटली की हात आधी ओल्या फडक्याकडे जातो. तिथेच घोटाळा होतो. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो, आणि तो पाण्यात विरघळतच नाही. जीन्समध्येही तो धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचलेला नसतो, बाहेरच्या थरात बारीक कणांच्या रूपात बसलेला असतो. घासल्यावर हेच कण सुटून कव्हरवर येतात. ओल्या फडक्याने चोळलं तर ते निघत नाहीत, विणीत आणखी आत जातात आणि डाग रुंदावतो.

म्हणून सुरुवात कोरडीच करायची. कव्हर सोफ्यावर असतानाच व्हॅक्यूम क्लिनर फिरवा, मग स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने एकाच दिशेने खोडा. खोडरबराचा चुरा निळसर दिसला तर रंग अजून वरवर आहे. ताजा डाग असेल तर एवढ्यानेच बराच फिका पडतो.

आता कव्हर काढा आणि लेबल वाचा. पुढचं सगळं धुता येणाऱ्या सुती कापडासाठी आहे. कव्हर धुऊ नये असं लेबलवर लिहिलं असेल, तर कोरड्या सफाईनंतर थांबून ते ड्रायक्लीनला द्या. धुता येत असेल तर जुनी टर्किशची घडी डागाखाली ठेवा. पांढऱ्या फडक्यावर सर्जिकल स्पिरिट घेऊन डाग टिपा, चोळू नका. फडकं निळं झालं की त्याची स्वच्छ बाजू वापरा. स्पिरिटने इंडिगो फारसा विरघळत नाही, पण त्यासोबत बसलेला अंगाचा तेलकटपणा सुटतो आणि कण मोकळे होतात. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा जवळ गॅस किंवा मेणबत्ती नको. मग पातळ डिटर्जंट लावून पंधरा मिनिटं ठेवा आणि खळबळून काढा.

उरलेल्या झाकेसाठी ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेट. साधारण ४० अंश सेल्सियसच्या कोमट पाण्यात, दर लिटरला एक मोठा चमचा घालून कापड पूर्ण बुडेल असं रात्रभर भिजत घाला. भांड्याचं झाकण घट्ट लावू नका, त्यातून वायू सुटत असतो. सकाळी डाग फिका दिसला पण गेला नाही, तर ताजं पाणी करून पुन्हा एकदा. दुसऱ्यांदाही फरक दिसला नाही तर तिसऱ्यांदा भिजवण्यात अर्थ नाही.

हट्टी डाग असा समजू: तीन आठवडे रोज कुणीतरी नव्या जीन्सने एकाच जागी बसलंय आणि तळहाताएवढा निळा पट्टा राहिलाय. इथे रंगाऱ्याचीच युक्ती उलटी वापरायची. इंडिगोने कापड रंगवताना आधी तो पाण्यात विरघळेल अशा पिवळट-हिरव्या रूपात आणतात, मग हवा लागली की तो पुन्हा निळा होतो. सोडियम हायड्रोसल्फाइट असलेला रंग काढणारा पदार्थ नेमकं पहिलं काम करतो. आधी आतल्या शिवणीवर चाचणी घ्या, कारण तो कापडाचे इतर रंगही उतरवतो. पाकिटावरच्या प्रमाणात, मोठ्या बादलीत, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवून कव्हर बुडवा. चेन धातूची असेल तर तो भाग शक्यतो पाण्याबाहेर, नाहीतर ती काळी पडते. पाणी पिवळसर होऊ लागलं की काम सुरू झालं असं समजा.

मात्र कव्हर अर्धवट बाहेर काढून बघत बसू नका. हवा लागताच विरघळलेला इंडिगो परत निळा होतो, आणि आता तो सगळ्या कापडावर पसरलेला असतो. डाग गेल्यावर कव्हर थेट भरपूर स्वच्छ पाण्यात टाका, तीनचारदा पाणी बदला, मग डिटर्जंटने धुवा.

क्लोरीन ब्लीचही निळा रंग घालवतं. मी ते शेवटचा उपाय म्हणून, निव्वळ सुती पांढऱ्या कापडावर आणि थोडा वेळच वापरेन. धागा कमकुवत होतो आणि लवचिक धागे पिवळे पडतात. आधीच्या पदार्थांची जराही खूण कापडात नसावी. ते एकत्र कधीच करू नका. मीठ आणि व्हिनेगरचा सल्ला सर्रास मिळतो, पण इंडिगोवर त्यांचा उपयोग नाही.

फिक्या शर्टाच्या कमरेजवळचा डागही याच क्रमाने काढता येतो. पण शर्ट रंगीत किंवा छापील असेल तर ऑक्सिजन ब्लीचचीही आधी चाचणी घ्या, आणि हायड्रोसल्फाइट तर वापरूच नका. शर्टात पॉलिएस्टर असेल तर डाग जाईपर्यंत इस्त्री किंवा गरम ड्रायर नको. उष्णतेने इंडिगो त्या धाग्याच्या आत शिरू शकतो, आणि मग बाहेरून कितीही टिपलं तरी तो हातात येत नाही.