भरलेली अक्षरे, पुसट स्थळप्रती: जुनी टंकलिखित पत्रे उतरवायला बसण्याआधी

जुन्या दफ्तरातली मराठी टंकलिखित पत्रे उतरवून घेणाऱ्यांना पहिल्या आठवड्यात वाटते की मोडीपेक्षा हे फारच सोपे आहे. छापल्यासारखी अक्षरे असतात, ओळखीची भाषा असते, 'विषय', 'संदर्भ', 'जावक क्रमांक' सगळे आपापल्या जागी असते. नेमके म्हणूनच इथे चुका जास्त होतात. मोडीत अक्षर लागले नाही तर हात थांबतो. टंकलिखितात डोळा अक्षर पाहायच्या आधीच शब्द पूर्ण करून टाकतो आणि चूक झाली हे कळतही नाही.

मूळ प्रत, स्थळप्रत आणि कार्बन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे असे धरून पुढे जातो.

आधी काळ्या गोळ्यांबद्दल. ज्या अक्षराच्या पोटात पांढरी जागा असायला हवी तिथे शाई भरली असेल, तर ती का भरली हे ठरवल्याशिवाय ते अक्षर वाचू नका. कारणे मुख्यतः तीन असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. पहिले कारण खिळ्यात साचलेला मळ. कापडी रिबिनीचे तंतू आणि वाळलेली शाई खिळ्याच्या खाचेत घट्ट बसते. त्यामुळे तेच अक्षर पानभर, आणि पुढच्या कित्येक पत्रांतही, सारखेच भरलेले दिसते. एखाद्या दिवशी टंकलेखक टाचणीने खाच कोरतो, ताठ ब्रशने खिळा साफ करतो आणि दुसऱ्या पत्रात ते अक्षर एकदम स्वच्छ येते. दुसरे कारण कार्बनचा फैलाव. मूळ कागदाखाली चार प्रती घातल्या की ठोक्याचा जोर प्रत्येक थरात थोडा मऊ होत पसरतो. मग एकच अक्षर नव्हे, पोट असलेली सगळीच अक्षरे भरतात, आणि प्रत जितकी खालची तितकी जास्त. तिसरे कारण दुरुस्ती. टंकलेखकाने वरच्या कागदावरचे चुकीचे अक्षर रबराने खोडून तिथेच बरोबर अक्षर ठोकले, पण खालच्या प्रती खोडल्याच नाहीत. वरची प्रत स्वच्छ राहिली, स्थळप्रतीवर मात्र दोन अक्षरे एकमेकांवर चढली. आजूबाजूची अक्षरे धड आणि मधेच एक गोळा असे दिसले, तर आधी हीच शंका घ्या. अशा गोळ्यात खालचे अक्षर चुकीचे आणि वरचे बरोबर असते. स्थळप्रतीवर मात्र वरचे कोणते, खालचे कोणते हे बहुतेक वेळा कळत नाही.

आता ज्या सापळ्यात जवळजवळ प्रत्येक जण अडकतो त्याबद्दल. याला इतकी जागा देतो आहे, कारण एवढे एक सांभाळले तर बाकीच्या चुका दुरुस्त होण्यासारख्या असतात.

शाई भरली की देवनागरीतल्या काही जोड्यांमधला फरकच नाहीसा होतो. 'व'चे पोट भरले की तो 'ब' दिसतो. 'प'चे भरले की 'ष'. 'ध' आणि 'भ' यांच्या माथ्यावर डावीकडे शिरोरेघ तुटलेली असते. ती फट शाईने बुजली की 'ध'चा 'घ' आणि 'भ'चा 'म' होतो. उलटेही घडते. रिबीन वरखाली नीट उचलली गेली नाही तर अक्षरांचा माथाच उमटत नाही. मग शिरोरेघ जाते, सोबत अनुस्वार, मात्रा आणि रफार जातात, आणि ध-घ, भ-म ओळखायची खूणच उरत नाही.

'वदली करण्यात येत आहे' असे दिसले तर तुम्ही 'बदली' लिहाल, आणि बरोबरच लिहाल. असे दोनशे वेळा बरोबर आले की हाताला सवय लागते. मग दोनशे एकाव्या वेळी अर्जदाराचे आडनाव येते, 'मोरे' किंवा 'भोरे'. दोन्ही खरी आडनावे आहेत. अर्थ इथे काहीच सांगत नाही, पण सवयीचा हात 'मोरे' लिहून मोकळा होतो, कारण मोरे जास्त कानावर पडलेले असतात. अनुस्वाराचेही तसेच. 'अर्जदारास' आणि 'अर्जदारांस' दोन्ही शुद्ध, दोन्ही त्या वाक्यात बसणारे, पण एकात अर्जदार एक आहे आणि दुसऱ्यात अनेक. म्हणून नियम असा ठेवा: अर्थावरून अक्षर ठरवायचे ते फक्त तिथेच, जिथे दुसरा पर्याय मराठीत शब्दच होत नाही. नावे, गावे, आकडे, तारखा, एकवचन-अनेकवचन यांत अर्थाला विचारू नका.

'अर्थ लागतोय ना, मग पुढे चला' असे सांगणारे ज्येष्ठ भेटतील. त्यांचे ऐकू नका. त्यांचा वेग खरा असतो, पण त्यांनी उतरवलेली नावे पुन्हा ताडून पाहावी लागतात. शिकायचेच असेल तर निवृत्त टंकलेखकाकडे जा. तासभर शेजारी बसलात तर कोणते अक्षर किती ठोक्यांचे हे तो पानावर बोट ठेवून दाखवेल, आणि ते कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडते. ओसीआरचा शॉर्टकटही या कामात मला पटत नाही. त्याने ठोकताळ्याने भरलेला शब्द आधी दिसला की तुमचा डोळाही तोच वाचतो. आधी हाताने उतरवा, मग ताडून पाहायला वापरायचे तर वापरा.

ठोक्यांचे प्रकरण नीट समजून घ्या, कारण सुटका तिथेच आहे. बऱ्याच मराठी टाइपरायटरांवर भ, ध, थ, ण, श ही अक्षरे एका कळीने उमटत नाहीत. आधी अर्धे अक्षर, मग काना, असे दोन ठोके लागतात. 'म', 'प', 'व' यांना मात्र सहसा पूर्ण अक्षराची स्वतंत्र कळ असते. माणूस दोन बोटांनी दोनदा ठोकतो तेव्हा जोर सारखा पडत नाही. करंगळीची कळ फिकी उमटते. त्यामुळे दोन ठोक्यांच्या अक्षराचा दांडा त्याच्या डाव्या भागापेक्षा फिका किंवा गडद असतो, आणि दहापट भिंगाखाली शिरोरेघेत बारीक सांधा दिसतो. एका ठोक्याच्या अक्षरात असा सांधा नसतो. याच कारणाने 'सभा' शब्दात भच्या मागे दोन काने असतात, आणि त्यातला एक फिका पडला की 'सभ' वाचले जाते.

म्हणून कुठल्याही गठ्ठ्याची सुरुवात अक्षरतक्त्याने करा. त्याच यंत्रावर टंकलेली स्पष्ट मूळ प्रत शोधा. ती नसेल तर सर्वांत वरची कार्बन प्रत घ्या. तिच्या छायाप्रतीतून ब, व, प, ष, भ, म, ध, घ, थ, य आणि दहा अंक यांचे प्रत्येकी तीन-चार नमुने कापून एका पानावर चिकटवा. यंत्र तेच आहे हे कसे ओळखायचे? एखादा 'न' नेहमी ओळीखाली उतरलेला, एखाद्या 'त'चा पाय तुटलेला, अशा दोन-तीन खोडी जुळल्या की पुरे. एका कार्यालयात यंत्रे दोन-तीनच असत, त्यामुळे हे वाटते तितके अवघड नाही. पहिला तक्ता करायला अर्धा दिवस जाईल, त्याने घाबरू नका.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा तहसील कार्यालयाच्या एका पत्राची तिसरी कार्बन प्रत समोर आहे. निळा कार्बन, पिवळट पडलेला पातळ कागद. दोन ठिकाणी शंका आहे: आडनाव मोरे की भोरे, आणि तारीख १२ जून १९७१ की १२ जून १९७९.

आधी प्रतिमा. पातळ कागदाखाली कोरा पांढरा कागद ठेवा. मागच्या बाजूलाही मजकूर असेल तर काळा ठेवा, म्हणजे पलीकडची अक्षरे वर येणार नाहीत. स्कॅन रंगीत आणि ६०० डीपीआयवर करा. थेट काळे-पांढरे कधीच करू नका. फिके ठोके त्यात कायमचे जातात आणि भरलेली पोटे आणखी भरतात. निळी शाई लाल प्रकाश शोषते आणि पिवळट कागद तो परतवतो, म्हणून फक्त लाल चॅनल वेगळा काढला की अक्षर गडद आणि कागद उजळ होतो:

```
magick patra.tif -channel R -separate patra_R.tif
```

कार्बन जांभळा असेल तर `R` ऐवजी `G` घालून पाहा. काळ्या कार्बनला याचा फारसा उपयोग नाही. काळ्या कार्बनमधली काजळी उडत नाही. प्रत फिकी असेल तर कार्बन वापरून वापरून संपला होता, म्हणजे तिथे रंग मुळात पडलाच नव्हता. अशा वेळी दिवा कागदाला जवळजवळ समांतर, अगदी खालून तिरपा धरा आणि ठोक्याचा दाब शोधा. वरच्या प्रतींत तो चांगला सापडतो, तळच्या प्रतीत क्वचितच. अनुस्वार की डाग हेही असेच ठरते: डागाला दाब नसतो.

आता आडनाव. आधी तक्त्यावर खात्री करा की या यंत्रावर 'भ' दोन ठोक्यांचा आणि 'म' एकाच ठोक्याचा आहे. मग याच पत्रात नक्की 'भ' असलेला शब्द घ्या, 'विभाग', आणि नक्की 'म' असलेला, 'मौजे'. तिन्ही तुकडे एकाच मापाला मोठे करून शेजारी ठेवा. 'विभाग'मध्ये भच्या दांड्याशी सांधा आहे, 'मौजे'त नाही, आणि आडनावात सांधा आहे. म्हणजे भोरे. सांधा तिन्हींत दिसत नसेल, तर या प्रतीवरून निर्णय होत नाही. तसेच नोंदवा.

तारखेला सुदैवाने दुसरा आधार असतो. भारत सरकारने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय शक दिनदर्शिका स्वीकारली, आणि अनेक सरकारी कागदांवर इंग्रजी तारखेबरोबर शकाची तारीखही असते. ज्येष्ठ २२ मेला सुरू होतो, म्हणून १२ जून म्हणजे २२ ज्येष्ठ. २२ मार्चपासूनच्या, लीप वर्षात २१ मार्चपासूनच्या, तारखेला सनातून ७८ वजा करायचे, जानेवारीपासून तोवर ७९. १९७१ असेल तर शक १८९३, १९७९ असेल तर १९०१. म्हणजे शकाचा शेवटचा अंक वाचता आला नाही तरी चालेल, दुसरा अंक ८ की ९ एवढेच पाहायचे. तो ८ निघाला, तर साल १९७१. शकाची तारीख नसेल तर जावक नोंदवहीतला क्रमांक गाठा. रकमेसाठी 'अक्षरी रुपये' पाहा, क्षेत्रासाठी हेक्टर-आरची एकूण बेरीज करून पाहा. फक्त बेरीज टंकलेखकाचीही चुकू शकते, म्हणून तिच्यावर एकटीवर विसंबू नका.

उतरवताना पुराव्याने ठरलेले अक्षर साधे लिहा, शंका उरलेले चौकटी कंसात प्रश्नचिन्हासह, जसे [भ?]ोरे, आणि अजिबात न लागलेल्या प्रत्येक अक्षराला एक टिंब. प्रत कितवी, कार्बनचा रंग कोणता आणि कशावरून निर्णय घेतला हे समासात एका ओळीत टिपा. पानावर कंस जास्त झाले म्हणून लाजू नका. तिसऱ्या-चौथ्या प्रतीवर ते होणारच. मूळ प्रत ज्या कार्यालयाला गेली त्याच्या फायलीत ती पुढे सापडली की हेच कंस तुम्हाला सरळ त्या अक्षरापाशी नेतात, सगळे पत्र पुन्हा वाचावे लागत नाही. मात्र मूळ प्रत मिळाली म्हणून स्थळप्रतीचे वाचन खोडू नका. रबराची दुरुस्ती फक्त वरच झालेली असू शकते, आणि कार्यालयाने पुढची कारवाई स्थळप्रत पाहूनच केलेली असते. दोन्ही वाचने शेजारी शेजारी ठेवा.