लाईट-पाण्याचा हिशोब भाडेकरूला पाठवताना या चुका टाळा

आमच्या शेजारच्या बंगल्यात खाली मालक राहतात आणि वर भाडेकरू. महावितरणचा मीटर एकच, वरच्या मजल्याला सबमीटर, पाण्याचं महापालिकेचं कनेक्शनही एकच. नोव्हेंबरात मालककाकांनी वर हा मेसेज टाकला:

"लाईट १,६८०, पाणी १९२. एकूण १,८७२. उद्यापर्यंत टाका."

वरून उत्तर आलं, "काका, हे कसं काढलं?" काकांना वाटलं, पोरगा अविश्वास दाखवतोय. खरं तर त्याने वाजवी प्रश्न विचारला होता, कारण त्या मेसेजमध्ये एकही रीडिंग नव्हतं. आम्ही बिलं घेऊन बसलो आणि लक्षात आलं की रीडिंग न लिहिणं ही त्यातली सर्वांत किरकोळ चूक होती.

पहिली गडबड दराची. काकांनी सबमीटरची १२० युनिटं घेतली आणि १४ रुपयांनी गुणली. हा १४ चा दर कुठून आला? "सगळे तेवढाच लावतात." पण बिलातला युनिटचा भाव ठरलेला नसतो. घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. वर स्थिर आकार, वहन आकार, वीज शुल्क हे सगळं येतं. त्यामुळे सरळ मार्ग एकच: त्या महिन्याच्या बिलाची रक्कम भागिले मुख्य मीटरची युनिटं. दर महिन्याला हा भाव वेगळा येईल, आणि तो यायलाच हवा.

इथे भाडेकरू एक मुद्दा काढतो, आणि तो चुकीचा नाही: "माझी १२० युनिटं एकटी असती तर जवळजवळ सगळी स्वस्त टप्प्यात बसली असती." बरोबर आहे. पण काकांचीही २२० युनिटं एकटी असती तर ३०० च्या आत राहिली असती. दोघं एका मीटरवर आल्यामुळे ३४० झाली आणि वरची ४० महाग टप्प्यात गेली. ती महाग युनिटं कोणा एकाची नाहीत. म्हणून सरासरी भाव दोघांनाही लावायचा. ज्याला हे मान्य नाही त्याने वेगळ्या वीजजोडणीचा विषय काढावा, मेसेजमध्ये वाद घालू नये.

दुसरी गोष्ट, बिलावरची शेवटची ठळक रक्कम उचलू नका. काकांच्या बिलावर देय रक्कम ४,२८० होती. त्यातले ६० रुपये मागचं बिल उशिरा भरल्याचा विलंब आकार होता. भाडेकरूने त्याचे पैसे वेळेत दिले होते, मग तो दंड त्याच्या माथी कशाला? थकबाकीचंही तेच. वाटायची रक्कम चालू महिन्याची, म्हणजे ४,२२०.

तारखांचा घोळ जास्त छुपा असतो. महावितरणचं रीडिंग ४ तारखेला झालं आणि काकांनी सबमीटर पाहिला १ तारखेला, भाडं घ्यायला वर गेले तेव्हा. तीन दिवसांचा फरक एका महिन्यात फार दिसत नाही, पण उन्हाळ्यात एसी सुरू असेल तर वीस-पंचवीस युनिटं इकडची तिकडे होतात. बिलावर मागील आणि चालू रीडिंगची तारीख छापलेली असते. सबमीटरचा फोटो त्याच दिवशी काढा. आणि बिलावर चालू रीडिंगच्या जागी मीटर वाचता आला नसल्याचा शेरा असेल, तर ते बिल सरासरीचं आहे. त्या महिन्यात त्यावरून हिस्सा पक्का करू नका. तात्पुरती रक्कम घ्या आणि खरं रीडिंग आल्यावर वळती करा.

फोटो काढतानाही फसायला होतं. इलेक्ट्रॉनिक मीटरच्या पडद्यावर तारीख, व्होल्टेज, मागणी असं एकामागून एक फिरत असतं. शेजारी kWh लिहिलेला आकडाच घ्यायचा. kVAh दिसला तर थांबा. सबमीटर चाकांच्या आकड्यांचा असेल तर शेवटचा लाल आकडा दशांशाचा असतो. तो धरून वाचलात की १२० ची १,२०० युनिटं होतात.

आता पंप. टाकीत पाणी चढवणारा पंप मुख्य मीटरवर होता, म्हणजे त्याची वीज गुपचूप काकांच्या वाट्याला जात होती. पंप साधारण एक किलोवॉट ओढतो आणि रोज ४० मिनिटं चालतो. महिन्याला २० युनिटं. पाणी दोघांचं, म्हणून दहा-दहा. हा अंदाज आहे, तो मेसेजमध्ये अंदाज म्हणूनच लिहायचा.

पाण्याच्या हिशोबात चूक उलट्या बाजूला होती. बिल ४८० रुपयांचं, घरात एकूण पाच माणसं, त्यातली वर दोन, म्हणून काकांनी १९२ काढले. पण बिल होतं १ ऑगस्ट ते ३० सप्टेंबरचं, आणि भाडेकरू राहायला आले १ सप्टेंबरला. अशा वेळी माणसं मोजून भागत नाही, माणसं गुणिले दिवस करावं लागतं. काकांकडची तीन माणसं ६१ दिवस, म्हणजे १८३. वरची दोन माणसं ३० दिवस, म्हणजे ६०. एकूण २४३ पैकी ६०.

सगळं धरून मेसेज असा झाला:

"नमस्कार. ४ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबरचा लाईटचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरचा पाण्याचा हिशोब पाठवतोय.

लाईट
मुख्य मीटर: १८,४१२ ते १८,७५२ = ३४० युनिट
तुमचा सबमीटर: २,३०६ ते २,४२६ = १२० युनिट
पंप (अंदाजे): २० युनिट, तुमच्याकडे १०
चालू बिल ४,२२० रु. (विलंब आकाराचे ६० माझ्याकडे)
तुमचा हिस्सा: ४,२२० × १३० ÷ ३४० = १,६१४ रु.

पाणी
मीटर: १,२०४ ते १,२४२ = ३८ हजार लिटर, बिल ४८० रु.
तुम्ही १ सप्टेंबरपासून, म्हणून ४८० × ६० ÷ २४३ = ११९ रु.

एकूण १,७३३ रु. दोन्ही बिलं आणि मीटरचे फोटो सोबत आहेत. १५ तारखेपर्यंत पाठवा. काही जुळत नसेल तर फोन करा, आधीचा १,८७२ चा मेसेज धरू नका."

शेवटचं वाक्य काकांना नको होतं. मी आग्रहाने ठेवलं, कारण दोन आकडे हवेत राहिले की पुढच्या महिन्यात दोघंही आपापल्या सोयीचा आकडा आठवतात. पाठवण्याआधी एक ताळा मात्र करून घ्या: काकांचा वाटा २१० युनिटांचे २,६०६ रुपये, त्यात १,६१४ मिळवले की ४,२२० यायला हवेत. येत नसतील तर बहुधा पंपाची युनिटं दोनदा धरली गेली आहेत.

इतकं करूनही "आमचा एवढा वापर नाही" असं वरून आलं, तर मेसेजमध्ये काही शोधू नका. वरच्या घराचा मुख्य स्विच बंद करा आणि सबमीटरवरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकत राहिला तर जिन्यातला दिवा किंवा दुसरं काहीतरी त्यांच्या सबमीटरवर जोडलेलं आहे. तो विषय मग वायरमनचा.